ओट्याखालचा गॅस, भिंतीवरचा गॅस

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या सूचनाफलकावर एक कागद कधी ना कधी लागतोच. पाइपचा गॅस इमारतीत येतो आहे, इच्छुक सभासदांनी अर्ज भरून द्यावेत. मग सभेत पहिला प्रश्न विचारला जातो तो पैशांचा. दुसरा प्रश्न कुणीतरी ज्येष्ठ सभासद विचारतात, घरातल्या घरात पाइपमधून गॅस खेळवणं धोक्याचं नाही का? आणि तिसरा प्रश्न स्वयंपाक करणारी माणसं विचारतात, ऐन सणाच्या दिवशी गॅस बंद पडला तर? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण सभेत सगळ्यांत जास्त वेळ पहिल्यावर जातो, आणि उत्तराच्या दृष्टीने तोच सगळ्यांत कमी महत्त्वाचा आहे.

तरी सुरुवात त्याच्यापासूनच करू, म्हणजे तो बाजूला ठेवता येईल.

सिलिंडरमधला एलपीजी आपण किलोवर विकत घेतो आणि पाइपचा गॅस, म्हणजे पीएनजी, घनमीटरवर. बिलावर त्याला एससीएम म्हणतात, बोलताना लोक युनिट म्हणतात. दोन्ही वायू वेगळे आहेत. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण, दाबाखाली द्रव करून टाकीत भरलेलं. पीएनजी म्हणजे बहुतांशी मिथेन, जो आपल्या घरापर्यंत वायुरूपातच येतो. त्यामुळे किलोची आणि घनमीटरची थेट तुलना करता येत नाही, उष्णतेची करावी लागते. एक किलो एलपीजी जाळला की साधारण ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, आणि एक घनमीटर पीएनजीतून साधारण ८,५०० ते ८,६००. म्हणजे १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर हा उष्णतेच्या हिशेबाने सुमारे १८ युनिट पीएनजीच्या बरोबरीचा. हा १८ चा आकडा लक्षात ठेवला तर पुढे कधीही दर बदलले तरी हिशेब स्वतःचा स्वतः करता येतो. आपल्या शहरातला युनिटचा दर घ्यायचा, त्याला १८ ने गुणायचं आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी ठेवायचं.

ठाण्यातलं चौघांचं एक घर घेऊ. दोन वेळचा स्वयंपाक घरी, चहा-नाश्ता घरी, आंघोळीचं पाणी विजेच्या गीझरवर. अशा घरात एक सिलिंडर साधारण चाळीस दिवस जातो, म्हणजे वर्षाला नऊ. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत विनाअनुदानित सिलिंडरची किंमत ८५२ रुपये ५० पैसे झाली आणि त्याच महिन्यात महानगर गॅसचा घरगुती पीएनजीचा दर ४९ रुपये युनिट झाला. नऊ सिलिंडरचे झाले ७,६७२ रुपये. तेवढ्याच उष्णतेसाठी १६२ युनिट पीएनजी लागेल, त्याचे ७,९३८ रुपये. फरक वर्षाला २६६ रुपयांचा, आणि तोही सिलिंडरच्या बाजूने. पण टाकी वर आणून देणाऱ्याच्या हातावर दर वेळी आपण वीस-तीस रुपये ठेवतोच, आणि टाकीच्या तळाशी न जळलेला थोडाफार गॅस परत जातोच. तेवढ्यात हा फरक संपला.

आता मागे जाऊन पाहा. मार्च २०२३ मध्ये मुंबईत सिलिंडर ११०२ रुपये ५० पैशांना होता आणि पीएनजी ५४ रुपये युनिट. चोपन्न गुणिले अठरा म्हणजे ९७२. दर सिलिंडरमागे १३० रुपयांनी पाइपचा गॅस स्वस्त. बरोबर वर्षभराने, मार्च २०२४ मध्ये, सिलिंडर ८०२ रुपये ५० पैशांवर उतरला होता आणि पीएनजी ४७ वर. सत्तेचाळीस गुणिले अठरा ८४६. आता सिलिंडर स्वस्त. एका वर्षात पारडं फिरलं, कारण दोन्ही दर वेगवेगळ्या दोरीला बांधलेले आहेत. सिलिंडरची किंमत आखाती बाजारातल्या प्रोपेन-ब्युटेनच्या भावावर आणि त्यातला किती बोजा ग्राहकावर टाकायचा या सरकारी निर्णयावर हलते. पीएनजीचा दर देशातल्या जुन्या विहिरींतून निघणाऱ्या गॅसच्या किमतीवर अवलंबून असतो. एप्रिल २०२३ पासून त्या किमतीला वरची मर्यादा घातली गेली आणि मुंबईत त्याच महिन्यात पीएनजी युनिटमागे पाच रुपयांनी उतरला होता.

तेव्हा स्वस्ताईसाठी पाइप घेऊ नका आणि स्वस्ताईसाठी टाकीही धरून बसू नका. सुरुवातीचा खर्च मात्र दोन्हीकडे आहे. जून २०२२ पासून नव्या जोडणीला एका सिलिंडरची अनामत २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये आहे. पाइपच्या गॅसलाही काही हजारांची परत मिळणारी अनामत असते, आणि मीटरपासून शेगडीपर्यंतचा पाइप ठरावीक लांबीपलीकडे गेला तर त्याचे वेगळे पैसे पडतात. स्वयंपाकघर इमारतीच्या मुख्य उभ्या पाइपपासून लांब असेल तर हा आकडा अर्ज भरण्याआधी लेखी मागून घ्यावा. पैशांचा विषय एवढाच.

खरा विषय आहे सुरक्षिततेचा, आणि त्याबद्दल सोसायट्यांमध्ये जे सांगितलं जातं ते अर्धंच असतं. सांगितलं जातं की पीएनजी हवेपेक्षा हलका असल्यामुळे उडून जातो, म्हणून सुरक्षित. हलका आहे हे खरं. हवेच्या तुलनेत त्याचं वजन साधारण सहा-दशांश. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. पण उडून कुठे जातो हा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

आठ फूट बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा, उंची साडेनऊ फूट. शेगडीवरचं दूध उतू गेलं, मोठा बर्नर विझला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दारं-खिडक्या बंद आहेत. सिलिंडर असेल तर त्या बर्नरमधून तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस बाहेर पडतो. तो ओट्यावरून खाली ओघळतो, जमिनीलगत पसरतो. हवेत एलपीजीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगीने पेट घेऊ शकतो. जमिनीवरचा पहिला एक फुटाचा थर धरला तर तिथे दोन टक्के व्हायला जेमतेम ३६ लिटर वायू, म्हणजे ७५ ग्रॅमच्या आसपास एलपीजी पुरतो. विझलेल्या बर्नरमधून तो अर्ध्या तासात येतो. नळी निसटली असेल तर काही मिनिटांत. आणि त्या एक फुटाच्या थरात काय काय असतं बघा. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याचा आपोआप चालू-बंद होणारा रिले, बऱ्याच घरांत मिक्सरसाठी खाली घेतलेला एक्स्टेंशन बोर्ड, वॉशिंग मशीन. माणूस बटणाला हात लावत नाही, पण फ्रिज आपल्या वेळेला स्वतःच चालू होतो.

आता त्याच घरात पाइपचा गॅस घ्या. मिथेन पेटायला हवेत किमान पाच टक्के लागतो, म्हणजे अडीचपट जास्त. माहितीपत्रकांत हे आवर्जून छापलेलं असतं. पण मिथेनच्या एका लिटरमध्ये उष्णता कमी असते, त्यामुळे तेवढीच आच मिळवायला त्याच बर्नरमधून जवळजवळ अडीचपट जास्त लिटर वायू सोडावा लागतो. एलपीजीचे तासाला सत्तर लिटर, तर पीएनजीचे तासाला १९० च्या आसपास. छताखालचा एक फुटाचा थर पाच टक्क्यांवर जायला ९० लिटर लागतात. भागाकार केला तर पुन्हा अर्धा तासच येतो. हा हिशेब ढोबळ आहे, हवा इतकी शांत कधी नसते आणि वायू असा नीट थर करून बसतही नाही. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. विझलेल्या बर्नरपुरतं बोलायचं तर पाच टक्के आणि दोन टक्के या आकड्यांत फारशी सुरक्षितता नाही. ती आहे वायू ज्या दिशेने जातो त्या दिशेला वाट आहे की नाही यात.

आणि इथेच आपली फ्लॅटमधली स्वयंपाकघरं कसोटीला लागतात. खिडकीची वरची कड साधारण सात फुटांवर असते. तिच्यावर छतापर्यंत दोन-अडीच फूट भिंत. म्हणजे खिडकी सताड उघडी ठेवली तरी छताखालचा तो पट्टा बंदच राहतो, आणि मिथेन नेमका तिथे जातो. जुन्या बांधकामात त्या उंचीवर झरोका किंवा एक्झॉस्ट पंख्याचं भोक असे. पंखा बंद असला तरी भोकातून वारा येई-जाई. आज त्या भोकाचं काय झालं आहे? कबुतरं येतात म्हणून जाळी आणि जाळीवर प्लास्टिक. पावसाचं पाणी येतं म्हणून पत्रा. मॉड्युलर किचन केलं तेव्हा माळ्यापर्यंत कपाटं गेली आणि भोक कपाटाच्या मागे गेलं. चिमणी बसवली तेव्हा तिचा पाइप त्याच भोकातून काढून उरलेली जागा सिमेंटने भरली. एलपीजीच्या काळात हे सगळं चालून गेलं, कारण तो वायू वर जातच नव्हता. पाइपचा गॅस घेताना मात्र हे भोक मोकळं करणं हे जोडणीइतकंच महत्त्वाचं काम आहे. छताला लागून, कायम उघडी राहणारी, बाहेरच्या हवेत उघडणारी जाळी. डक्टमध्ये किंवा बंद केलेल्या बाल्कनीत उघडणारी नव्हे, कारण बाल्कनीला काच बसवली की ती बाहेर उरत नाही. कबुतरांसाठी बारीक तारेची जाळी लावा, तिच्यावर प्लास्टिक नको.

सिलिंडर ठेवणाऱ्या घराला याच्या उलट वाट हवी. वायू खाली जातो, तेव्हा वाट खाली पाहिजे. टाकी ओट्याखालच्या कप्प्यात असेल तर त्या कप्प्याच्या दाराला तळाशी आणि वर जाळी हवी. खूप घरांत टाकी पूर्ण बंद ट्रॉलीमागे असते आणि नळी ग्रॅनाइटला पाडलेल्या भोकातून वर येते. नळी त्या भोकाच्या धारेवर घासते आणि कुठे चिरली तर ते दिसतही नाही. टाकी नेहमी उभी, शेगडी टाकीपेक्षा उंच, नळी दीड मीटरपेक्षा लांब नाही, आणि नळीवर छापलेली मुदत संपली की ती बदलायची. नवी टाकी आली की वरच्या कड्याच्या पट्टीवर रंगवलेलं अक्षर आणि आकडा पाहा. बी २८ असं असेल तर अक्षर वर्षातली तिमाही सांगतं आणि आकडा वर्ष, म्हणजे जून २०२८ पर्यंत त्या टाकीची दाबचाचणी ग्राह्य आहे. तारीख उलटलेली टाकी परत करायची. आणि झाकण काढल्यावर झडपेतली रबरी चकती जागेवर आहे ना हे दारातच बघायचं. नवी टाकी लावल्यावर येणाऱ्या वासामागे पुष्कळदा ती चकतीच असते.

मग दोन्हींत खरा फरक काय? माझ्या मते साठ्याचा. टाकीत द्रव असतो. वातावरणाच्या तापमानाला आत पाच ते आठ किलो दाब असतो, आणि तो द्रव बाहेर आला तर सुमारे अडीचशे पट फुगून वायू होतो. तो सगळा साठा तुमच्या घरात आहे. पाइपच्या गॅसचा साठा घरात नसतो. रस्त्याखालच्या पिवळ्या-नारिंगी प्लास्टिक पाइपमध्ये चार बारपर्यंत असलेला दाब इमारतीपाशी आणि मग मीटरपाशी उतरवत आणतात, आणि शेगडीपर्यंत तो २१ मिलिबार उरतो. काचेच्या नळीत एकवीस सेंटिमीटर पाणी उभं केलं तर तळाशी जेवढा दाब पडेल तेवढाच. घरात आग लागली, मग ती एसीच्या वायरमुळे लागलेली का असेना, तर त्या आगीत टाकी असणं आणि नसणं यात फार मोठं अंतर आहे. आता एका विंगचा विचार करा. बारा मजले, मजल्यावर चार घरं, प्रत्येकात एक लावलेली आणि एक शिल्लक अशा दोन टाक्या. शहाण्णव टाक्या एका इमारतीत, एका जिन्याच्या आजूबाजूला. अग्निशमन दलाला त्या मोजून, शोधून बाहेर काढाव्या लागतात. पाइपच्या इमारतीत तळाशी उभ्या पाइपची झडप असते. ती बंद केली की सगळ्या घरांचा गॅस तुटतो. उंच इमारतींसाठी मला पाइपच योग्य वाटतो तो या एका कारणासाठी. त्यापुढे बाकीचे मुद्दे लहान आहेत.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टाकी संपते, पाइप संपत नाही. गळती लहान असो की मोठी, कुणी झडप बंद करेपर्यंत ती चालूच राहते. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंना आणि मोठ्या मुलांनाही, दोन झडपा माहीत हव्यात. एक शेगडीजवळची आणि दुसरी मीटरच्या आधीची. हँडल पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवं असेल तर बंद. गावाला जाताना मीटरची बंद करायची, रात्री शेगडीजवळची. आणि सोसायटीत खालची मुख्य झडप कुठे आहे ते वॉचमनलाही ठाऊक हवं. ती झडप झाडांच्या कुंड्यांमागे किंवा दुचाकींच्या रांगेआड गेलेली असते, ती मोकळी ठेवून घ्या.

पाइपच्या गॅसची एक सोय मात्र सिलिंडरला नाही, ती म्हणजे मीटर. गळती आहे का हे घरच्या घरी कळतं. मीटरवर काळ्या रंगातले आकडे पूर्ण युनिटचे आणि लाल रंगातले अंश. शेवटचा लाल आकडा एका लिटरचा असतो. रात्री स्वयंपाक आटोपला की शेगडीची सगळी बटणं बंद करा, पण झडपा उघड्या ठेवा. लाल आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा. तासा-दीड तासाने, कुणी शेगडीला हात लावायच्या आत, पुन्हा फोटो काढा. आकडा तिळभरही हलला असेल तर मीटरनंतर कुठेतरी गॅस निसटतो आहे. तोही इतका थोडा की नाकाला अजून कळलेला नसेल. झडप बंद करा आणि कंपनीच्या बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. सहा महिन्यांतून एकदा ही परीक्षा घ्यायला काहीच लागत नाही. घरात सुताराचं काम झालं असेल तर मात्र लगेच घ्यावी. कपाट भिंतीला ठोकताना स्क्रू पाइपमध्ये जाणं, किंवा मीटर शोभत नाही म्हणून तो बंद कपाटात घेणं, पाइपच्या गॅसचे घरगुती धोके असे सुरू होतात. मीटर कपाटात गेला की गळलेला गॅस कपाटातच साठतो.

वास आलाच तर दोन्ही गॅसना पहिली पावलं सारखीच आहेत. कुठलंही बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. एक्झॉस्ट पंखा लावून गॅस बाहेर काढण्याचा मोह आवरायचा, कारण ठिणगी त्याच्याच मोटरमध्ये पडते. झडप किंवा रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, आणि फोन जिन्यात जाऊन. सिलिंडरसाठी १९०६ हा देशभरचा क्रमांक आहे.

राहिला तिसरा प्रश्न, भरवशाचा. टाकीची वाट लांब आहे. भारतात लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून बराच जास्त आयात होतो आणि त्यातला मोठा भाग आखातातून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. तिथून बंदर, बाटलीकरण प्रकल्प, वितरकाचं गोदाम, टेम्पो आणि जिना. यातला कुठलाही एक दुवा अडला की आपण नंबर लावून बसतो. पण दुसरी टाकी भरलेली असेल तर घरात महिन्या-सव्वा महिन्याची बेगमी असते. स्वतःच्या हातातला साठा ही टाकीची ताकद, आणि ती थोडी नाही.

पाइपकडे साठा नाही, रांग आहे, आणि त्या रांगेत घरगुती शेगडी पुढे उभी आहे. देशातल्या विहिरींचा गॅस वाटताना सरकारी धोरणात घरगुती पीएनजी आणि वाहनांचा सीएनजी यांना अग्रक्रम आहे. प्रत्यक्ष टंचाई आली तेव्हा त्या दोघांत काय झालं हेही मुंबईने पाहिलं आहे. १६ नोव्हेंबर २०२५ ला चेंबूरच्या आरसीएफ आवारात गेलची मुख्य गॅसवाहिनी नादुरुस्त झाली आणि महानगर गॅसच्या वडाळ्याच्या केंद्राला येणारा पुरवठा घटला. सीएनजी पंपांवर रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या, कित्येक पंप बंद पडले. घरगुती ग्राहकांना अग्रक्रम देत असल्याचं कंपनीने तेव्हा जाहीर केलं. त्याआधी ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली तेव्हाही झळ बसली ती पंपांना. रिक्षावाल्यांचे हाल झाले आणि आपल्याकडे पोळ्या होत राहिल्या. या व्यवस्थेत कुणाच्या वाट्याला काय येतं हे विसरू नये.

मोठ्या संकटात पाइप असा तरतो. तो अडतो लहान कारणांनी. रस्ता काँक्रीटचा करताना जेसीबीचा दात पाइपला लागतो आणि दोन-चार इमारतींचा गॅस काही तास जातो. इतक्याशा वेळासाठी घरात इंडक्शन शेगडी आणि तिच्यावर चालणारी दोन भांडी असली की पुरे. खरा धोका गॅस जाण्यात नाही, परत येण्यात आहे. समजा, कुकर लावलेला असताना पाइपमधला गॅस गेला. ज्योत विझली, आपण वैतागून कुकर उचलला आणि जेवण बाहेरून मागवलं. शेगडीचं बटण तसंच उघडं राहिलं. तीन तासांनी रस्त्यावरचं काम संपलं आणि गॅस परत आला, पण त्याला जाळायला ज्योत नव्हती. मघाचा अर्ध्या तासाचा हिशेब इथे लागू होतो. म्हणून गॅस गेला की सगळ्यात आधी बटणं आणि दोन्ही झडपा बंद. परत आल्यावर पाइपमध्ये थोडी हवा असते, पहिल्यांदा ज्योत भकभकते किंवा लागत नाही. तेव्हा काडी पुढे धरून बटण उघडं ठेवत बसायचं नाही. बंद करून, खिडकी उघडून, मिनिटभराने पुन्हा लावायचा. नवी शेगडी घेणारच असाल तर ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी घ्या. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजणं मला दोन्ही गॅसच्या घरांत योग्य वाटतं.

सिलिंडर ठेवणं शहाणपणाचं ठरेल अशीही घरं आहेत. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलणारे भाडेकरू, पुनर्विकासात जाऊ घातलेली इमारत, किंवा छतालगत बाहेरच्या हवेत भोक पाडणं कुठल्याच भिंतीत शक्य नाही असं आतलं स्वयंपाकघर. या शेवटच्या घरात तर वाट काढल्याशिवाय पाइप घेऊच नये. टाकीला निदान दाराखालची फट मिळते.

पाइप घ्यायचं ठरलं की शेगडीत बदल होतो, आणि त्या दिवशी घरातल्या कुणीतरी शेजारी उभं राहून बघावं. एलपीजी शेगडीपर्यंत साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पीएनजी २१ ने, आणि पीएनजीचे लिटरही जास्त लागतात. म्हणून तंत्रज्ञ बर्नरखालची पितळी जेट काढून मोठ्या भोकाची जेट बसवतो. काही जण नवी जेट न लावता जुन्याच जेटचं भोक सुईने वाढवतात. ते करू देऊ नका. भोक वाकडंतिकडं होतं आणि ज्योत पिवळी राहते. काम झाल्यावर प्रत्येक बर्नर पूर्ण आणि मंद आचेवर लावून पाहायचा. ज्योत निळी, टोकाला पिवळी नसलेली, बर्नरवरून उडत नसलेली हवी. मंद आचेवर खिडकीच्या वाऱ्याने विझता कामा नये. पाइपच्या गॅसवर स्वयंपाकाला वेळ लागतो ही तक्रार बहुतेक वेळा जेट लहान राहिल्याची असते.

सिलिंडरची जोडणी परत करताना अनामत परत मिळते, ती मूळ पावतीवर जेवढी असेल तेवढी. तीस वर्षांपूर्वीच्या जोडणीचे काहीशेच येतील, त्यासाठी वितरकाशी भांडण्यात अर्थ नाही. टर्मिनेशन व्हाउचर मात्र मागून घ्या आणि जपून ठेवा, उद्या पाइप नसलेल्या गावी राहायला गेलात तर नवी जोडणी घेताना ते दाखवावं लागतं.

आणि जुनी शेगडी. पाइपसाठी बदललेली शेगडी पुढे कधीतरी नवीन घेतल्यावर गावच्या घरी पाठवली जाते. तिथे ती सिलिंडरला जोडली जाते. मोठ्या भोकाच्या जेटमधून जास्त दाबाचा एलपीजी आला की हातभर पिवळी, काजळी धरणारी ज्योत उठते. बटण पूर्ण उघडून काडी लावणाऱ्याचा हात आणि पदर तिच्या आवाक्यात असतो. शेगडी गाडीत चढवण्याआधी तिची एलपीजीची जेट परत बसवून घ्या. ते शक्य नसेल तर ती भंगारात द्या.